नोकरीची हमी देणारे ऑनलाइन कोर्स: फी भरण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्सच्या हमीबद्दल सल्ला विचारायला माझ्याकडे येणारे बहुतेक जण फी भरून झाल्यावर येतात. तेव्हा करारावर सही झालेली असते आणि हप्ते सुरू झालेले असतात. तीच उत्तरं फी भरण्याआधी हाताशी असावीत म्हणून ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत. कोर्समध्ये शिकवतात कसं, हा इथला विषय नाही. शिकवणं चांगलं असूनही प्लेसमेंटचा दावा फसवा असू शकतो. त्यामुळे इथे दोनच गोष्टी तपासायच्या आहेत: जाहिरातीतला आकडा आणि करारातली हमी.

‘९१ टक्के विद्यार्थ्यांना नोकरी’ असं लिहिलं आहे. हा आकडा खोटा असतो का?

कधी कधी तो सरळ रचलेला असतो. पण ओळखायला अवघड प्रकार वेगळाच आहे. त्यात आकडा हिशेबाने बरोबर असतो, तरीही वाचणाऱ्याची दिशाभूल होते. टक्केवारी म्हणजे शेवटी एक अपूर्णांक. वर कोणाला मोजलं आणि खाली कोणाला मोजलं हे कळल्याशिवाय तिला अर्थ नाही, आणि जाहिरातीत नेमकं तेच दिलेलं नसतं.

एक बॅच घेऊन हिशेब करून पाहू. आकडे समजावण्यासाठी मी धरलेले आहेत. २०० जणांनी फी भरली. त्यातल्या ८० जणांनी कोर्स मध्येच सोडला, उरले १२०. या १२० पैकी ५० जणांना संस्थेने ‘प्लेसमेंटसाठी पात्र’ यादीतून वगळलं. कोणाची हजेरी कमी पडली, कोणी शेवटचा प्रोजेक्ट उशिरा दिला, कोणी सराव मुलाखतीत मागे पडलं. काही जणांनी संस्थेचे दोन-तीन फोन घेतले नाहीत, तर त्यांच्या नावापुढे ‘नोकरी शोधत नाही’ असा शेरा पडला. राहिले ७०. त्यातल्या ६४ जणांना काही ना काही काम मिळालं. ६४ भागिले ७० म्हणजे ९१ टक्के. जाहिरात तयार.

आता या ६४ जणांकडे जरा जवळून बघा. १४ जण इंटर्नशिपवर आहेत, त्यातल्या काहींना मानधनही नाही. ८ जणांनी फ्रीलान्स म्हणून एखाददुसरं काम केलं. ६ जणांना संस्थेनेच तीन महिन्यांसाठी शिकवणी सहायक म्हणून ठेवून घेतलं. १० जणांची नोकरी कोर्सशी संबंधित नाही, किंवा ती कोर्सच्या आधीपासूनचीच आहे. शिकलेल्या विषयात पूर्णवेळ, पगारी नोकरी मिळालेले उरतात २६. फी भरलेल्या २०० जणांच्या तुलनेत हे १३ टक्के होतात, आणि कोर्स पूर्ण केलेल्या १२० जणांच्या तुलनेत २२ टक्क्यांच्या आसपास.

कोर्स सोडलेल्या प्रत्येकाचा दोष संस्थेच्या माथी मारणं बरोबर नाही. कोणी आजारपणामुळे सोडतं, कोणाला दुसरीकडे संधी मिळते. म्हणून मी दोन्ही टक्केवाऱ्या काढतो. पण तुम्ही आज जिथे उभे आहात ती जागा २०० जणांच्या रांगेतली आहे. ७० जणांच्या यादीत तुमचं नाव येईलच असं आज कोणीही सांगू शकत नाही.

मोठ्या, नावाजलेल्या संस्था असं करत नसतील ना?

अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांनी उघड केलेली दोन प्रकरणं पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांत वरचाच हिशेब प्रत्यक्षात दिसतो.

पहिलं फ्लॅटआयर्न स्कूल या प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या संस्थेचं. तिची जाहिरात होती: ९८.५ टक्के रोजगार आणि सरासरी वार्षिक पगार ७४,४४७ डॉलर. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने चौकशी केली, तेव्हा दिसलं की ९८.५ टक्क्यांमध्ये शिकाऊ उमेदवार, कंत्राटी आणि फ्रीलान्स काम करणारेही धरले होते. पगाराची सरासरी मात्र फक्त पूर्णवेळ नोकरी लागलेल्यांची होती. वर्गात शिकलेल्यांपैकी ५८ टक्के आणि ऑनलाइन शिकलेल्यांपैकी ३९ टक्केच या गटात बसत होते. म्हणजे रोजगार मोजताना जाळं मोठं आणि पगार मोजताना छोटं. वाचणाऱ्याला मात्र दोन्ही आकडे एकाच गटाचे वाटले. २०१७ मध्ये संस्थेने ३,७५,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. विनापरवाना चालवल्याचा आक्षेपही त्यात होता.

दुसरं ब्लूमटेक या ऑनलाइन प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या संस्थेचं, जिचं आधीचं नाव लॅम्ब्डा स्कूल. ही संस्था ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंटची जाहिरात करत होती. अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने एप्रिल २०२४ मध्ये कारवाई केली. संस्थेच्या अंतर्गत आकड्यांनुसार प्लेसमेंट ५० टक्क्यांच्या जवळपास होतं आणि काही बॅचमध्ये ३० टक्क्यांपर्यंत खाली आलेलं होतं, असं त्या यंत्रणेने नोंदवलं. यातला एक तपशील मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. एका बॅचचं प्लेसमेंट १०० टक्के झाल्याचं संस्थेच्या प्रमुखाने सार्वजनिक पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्या टक्केवारीमागे फक्त एक विद्यार्थी होता, हे त्याने नंतर खाजगी संदेशात मान्य केलं.

टक्केवारी दिसली की त्यामागे माणसं किती, हे आधी विचारायचं.

मग संस्थेला नेमकं काय विचारायचं?

फोनवर विचारू नका. फोनवर ‘जवळपास सगळेच लागतात’ असं ऐकायला मिळतं आणि नंतर ते कोण म्हणालं याचा पुरावा उरत नाही. ईमेल करा. खालचा मजकूर जसाच्या तसा वापरायला हरकत नाही:

‘नमस्कार. आपल्या कोर्सला प्रवेश घेण्याआधी मला शेवटच्या पूर्ण झालेल्या दोन बॅचची माहिती हवी आहे. प्रत्येक बॅचमध्ये फी भरून प्रवेश घेतलेले किती जण होते? त्यातल्या किती जणांनी कोर्स ठरलेल्या वेळेत पूर्ण केला? पूर्ण केल्यापासून १८० दिवसांत किती जणांना याच विषयातली पूर्णवेळ पगारी नोकरी मिळाली? इंटर्नशिप, कंत्राटी काम, फ्रीलान्स काम आणि आपल्याच संस्थेत लागलेले यांचे आकडे वेगळे द्यावेत. ज्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही, असे किती? आणि पगाराचा आकडा किती जणांच्या माहितीवरून काढला आहे?’

उत्तर आलं नाही, किंवा ‘आमचे काउन्सेलर आपल्याशी बोलतील’ एवढंच आलं, तर तेही उत्तर समजा. ज्या संस्थेकडे चांगले आकडे असतात ती ते लपवत नाही. ‘विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेमुळे देता येत नाही’ हे कारण इथे लागू होत नाही. तुम्ही नावं मागितलेली नाहीत, फक्त संख्या मागितल्या आहेत.

त्यांनी छापील प्लेसमेंट अहवाल पाठवला. तो कसा वाचायचा?

आधी तारखा बघा. अहवाल कोणत्या बॅचचा आहे आणि ती बॅच कधी बाहेर पडली? नोकऱ्यांचा बाजार तेजीत असतानाच्या बॅचचा अहवाल पुढे कित्येक वर्षं दाखवला जातो. नंतरच्या बॅचचे अहवाल का नाहीत, हे स्पष्ट विचारा.

मग बेरीज करा. पूर्णवेळ, अर्धवेळ, कंत्राटी, संस्थेत लागलेले, दुसऱ्या क्षेत्रात गेलेले, न शोधणारे, संपर्क न झालेले अशा सगळ्या गटांची बेरीज प्रवेशसंख्येइतकी यायला हवी. कमी आली तर मधली माणसं कुठे गेली? निकाल कसे मांडावेत याचा एक साचा ‘कौन्सिल ऑन इंटिग्रिटी इन रिझल्ट्स रिपोर्टिंग’ या गटाने अशा संस्थांसाठी तयार केला आहे. त्यात जवळपास हेच गट आहेत आणि मुदत १८० दिवसांची आहे. तुमची संस्था त्या गटात नसली तरी काही बिघडत नाही. तो साचा समोर ठेवून हातातला अहवाल वाचला की कोणता रकाना गाळला आहे ते लगेच लक्षात येतं.

पगाराच्या बाबतीत ‘सर्वोच्च पॅकेज’ हा आकडा सरळ सोडून द्या. तो एका माणसाचा असतो, आणि त्या माणसाच्या गाठीशी कोर्सच्या आधीचा बराच अनुभव असू शकतो. सरासरीही अशाच एक-दोन जणांमुळे वर जाते. मागायचा तो मध्यक, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येतो तो. सोबत तो किती जणांच्या पगारावरून काढला हेही हवं. ज्यांना कमी पगार मिळाला ते सहसा सर्वेक्षणाला उत्तर देत नाहीत, त्यामुळे ६४ पैकी २० जणांनीच पगार कळवला असेल तर तो मध्यकही फुगलेला धरा.

अहवालावर एखाद्या लेखापरीक्षकाचं नाव असेल तर त्याने नक्की काय तपासलं ते वाचा. संस्थेने दिलेल्या यादीची बेरीज तपासणं वेगळं आणि विद्यार्थ्यांशी किंवा त्यांच्या कंपन्यांशी थेट संपर्क साधून खात्री करणं वेगळं.

संस्था काहीच आकडे देत नाही. मी स्वतः शोधू शकतो का?

हो. एक संध्याकाळ मोकळी ठेवा. बाकी काही जमलं नाही तरी हे एवढं कराच.

लिंक्डइनवर संस्थेचं पान उघडा. तिथे माजी विद्यार्थ्यांचा विभाग असेल तर तिथून सुरुवात करा. नसेल तर लोकांच्या शोधात संस्थेचं आणि कोर्सचं नाव टाका. बाहेरच्या शोधयंत्रातून असंही शोधता येतं:

```
site:linkedin.com/in "संस्थेचं नाव" "कोर्सचं नाव"
```

अवतरणचिन्हांतल्या दोन्ही जागी नाव इंग्रजीत, जसं सर्टिफिकेटवर छापतात तसंच लिहा. आता संस्थेच्या जाहिरातीत झळकणारे चेहरे बाजूला ठेवा आणि समोर येतील ते पहिले तीस जण घ्या. निवड करू नका, नाहीतर नकळत यशस्वी माणसंच उचलली जातात. प्रत्येकाबद्दल चार गोष्टी वहीत मांडा: कोर्स कधी संपला, त्याआधी काय काम होतं, त्यानंतर पहिलं काम कोणतं आणि किती महिन्यांनी मिळालं, आणि ते काम आज चालू आहे का.

ही यादी करताना काही गोष्टी आपोआप नजरेत भरतात. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ म्हणून लागलेला माणूस कोर्सच्या आधीही चार वर्षं त्याच पदावर होता. कोर्सनंतरची ‘नोकरी’ तीन महिन्यांत संपली आहे. किंवा बऱ्याच जणांची पहिली कंपनी एकच आहे, तिचं नाव कुठे ऐकलेलं नाही आणि तिचा संचालक संस्थेच्याच मालकांपैकी आहे. शेवटचा प्रकार दिसला तर कंपनी नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर दोन्हीकडचे संचालक आणि नोंदणीचा पत्ता जुळवून पाहा.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ज्यांना काही मिळालं नाही, ते कोर्सचं नाव प्रोफाइलवर लावतच नाहीत. म्हणजे तुमच्या तीस जणांच्या यादीत यशस्वी लोक प्रत्यक्षापेक्षा जास्तच असणार. एवढं झुकतं माप देऊनही चित्र वाईट दिसत असेल, तर खरी स्थिती त्याहून वाईट आहे असं धरून चाला.

त्यातल्या पाच-सहा जणांना संदेश पाठवा. ‘कोर्स कसा होता?’ असं विचारलं की ‘छान होता’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: ‘तुमच्या बॅचमध्ये साधारण किती जण होते आणि त्यातल्या किती जणांना तुम्ही ओळखता, ज्यांना याच क्षेत्रात काम मिळालं?’ आणि पुढे: ‘तुमची मुलाखत संस्थेने ठरवली की अर्ज तुम्हीच केला होता?’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा चकित करणारं असतं.

भागीदार म्हणून मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो लावले आहेत. त्याचं काय?

लोगो लावायला काहीच लागत नाही. एखादा माजी विद्यार्थी स्वतःच्या जोरावर त्या कंपनीत लागला, तेवढ्यावरही लोगो झळकतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्सवर नेमका असाच आक्षेप घेतला होता: विद्यार्थ्यांसाठी नोकरीच्या संधी निर्माण करायला मोठ्या कंपन्या विद्यापीठासोबत काम करत आहेत, असा आभास जाहिरातींतून होत होता. डिसेंबर २०१९ मध्ये ते प्रकरण १९.१ कोटी डॉलरला मिटलं.

तपासायचं असेल तर एकच प्रश्न विचारा: ‘या यादीतल्या कोणत्या तीन कंपन्यांनी गेल्या वर्षभरात तुमच्यामार्फत भरती केली आणि प्रत्येकीने किती जण घेतले?’ मग त्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या पत्त्यावर, ईमेल करून संस्थेशी संबंध आहे का ते विचारा. संस्थेने दिलेल्या पत्त्यावर नको. उत्तर येईलच असं नाही, पण आलं तर ते निर्णायक ठरतं.

रिव्ह्यू तर सगळे पाच ताऱ्यांचे आहेत.

तारखेनुसार लावून बघा. एकाच आठवड्यात वीस आणि मग दोन महिने शुकशुकाट असं असेल तर ते मागवून घेतलेले असण्याची शक्यता जास्त. कोर्सच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच लिहून घेतलेले रिव्ह्यू नोकरीबद्दल काहीच सांगू शकत नाहीत, मग ते कितीही मनापासून लिहिलेले असोत. मी तीन ताऱ्यांचे आधी वाचतो. त्यात तपशील असतो.

जुनं काय होतं तेही पाहता येतं. web.archive.org वर संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता टाकला की तिच्या पानांच्या जुन्या प्रती दिसतात. दोन वर्षांपूर्वी ‘१०० टक्के नोकरीची हमी’, आज ‘१०० टक्के नोकरीसाठी साहाय्य’ असा बदल दिसला तर मध्ये काय घडलं असेल याचा अंदाज येतो. ‘दहा वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळाचा पत्ता कधी नोंदवला गेला, ते lookup.icann.org वर कळतं.

नोकरी नाही लागली तर पूर्ण फी परत, असं लिहून देतात. मग धोका कुठे आहे?

हमी पूर्ण पाळूनही कोणालाच पैसे परत द्यावे लागू नयेत, असा करार लिहिता येतो. मी पाहिलेल्या करारांत अटी साधारण अशा असतात: हजेरी ९० टक्क्यांच्या वर, प्रत्येक असाइनमेंट मुदतीत, आठवड्याला ठरावीक संख्येने अर्ज आणि त्याची त्यांच्याच पोर्टलवर नोंद, प्लेसमेंट टीमच्या संदेशाला २४ तासांत उत्तर, कोणत्याही शहरात जायची तयारी, आणि आलेली एकही ऑफर न नाकारणं. सुटी सुटी वाचली तर प्रत्येक अट रास्त वाटते. सगळ्या मिळून सहा-आठ महिने एकदाही न चुकता पाळायच्या आहेत, हे लक्षात घेतलं की हमी किती पातळ आहे ते कळतं. ताप आला आणि एका संदेशाला दोन दिवस उत्तर दिलं नाही, तर हमी गेली.

त्यात तीन कलमं विशेष नीट वाचा. पहिलं, ‘नोकरी’ची व्याख्या. ‘कोणतंही मोबदला मिळणारं काम’ असं लिहिलं असेल तर महिनाभराची इंटर्नशिप देऊनही संस्था हमीतून मोकळी होते. किमान पगार, पूर्णवेळ आणि विषय हे तिन्ही शब्द तिथे असायला हवेत. दुसरं, ऑफर नाकारण्याचं कलम. किमान पगार लिहिलेला नसेल तर परवडणारच नाही अशी ऑफर पुढे करून, तुम्ही नाही म्हटलं की फाइल बंद करता येते. तिसरं, परताव्याच्या अर्जाची मुदत. ती बऱ्याचदा अगदी थोड्या दिवसांची असते आणि कोणी आठवण करून देत नाही. ती तारीख सही करतानाच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

परत मिळणारी रक्कमही बघा. नोंदणी शुल्क, साहित्य शुल्क आणि कर वजा करून परत, असं असेल तर ‘पूर्ण’ फी पूर्ण राहत नाही.

आणि संस्थेला विचारा: ‘गेल्या वर्षी किती जणांनी परतावा मागितला आणि किती जणांना मिळाला?’ नोकरी न लागलेले बरेच आणि परतावा मिळालेला एकही नाही, असं उत्तर आलं तर हमी कागदावरच आहे.

फी आत्ता नको, नोकरी लागल्यावर पगारातून द्या, असं म्हणतात. हे तर सुरक्षित आहे ना?

आधी फी भरण्यापेक्षा यात संस्थेलाही थोडी जोखीम घ्यावी लागते, हे खरं. पण हा व्यवहार कर्जाचाच एक प्रकार आहे आणि तो कर्ज म्हणूनच वाचायला हवा. ब्लूमटेकच्या करारात ठरावीक पगाराच्या वर गेल्यावर उत्पन्नाचे १७ टक्के २४ महिने द्यायचे होते, कमाल ३०,००० डॉलरपर्यंत. ‘हे कर्ज नाही’ असं विद्यार्थ्यांना सांगितलं गेलं होतं. एक हप्ता चुकला तरी कमाल रकमेतली उरलेली सगळी बाकी एकदम देय होत होती. संस्था असे काही करार गुंतवणूकदारांना विकतही होती. करार विकून संस्थेचे पैसे आधीच वसूल होत असतील, तर ‘तुम्ही कमावलंत तरच आम्ही कमावतो’ या वाक्यात फारसा दम राहत नाही.

विचारायचं ते एवढंच: पगाराची मर्यादा किती, टक्के किती, महिने किती, कमाल रक्कम किती, कोर्सशी संबंध नसलेल्या नोकरीचा पगार धरणार का, आणि हा करार दुसऱ्या कोणाला विकता येतो का. ‘संबंध नसलेली नोकरी’ हा मुद्दा हमखास विसरला जातो. आधीच्याच क्षेत्रात परत गेलात तरी पगारातून कपात सुरू होऊ शकते.

‘बिनव्याजी ईएमआय’ घ्यायला काय हरकत आहे?

हरकत ही की ते कर्ज संस्थेचं नसतं. वित्त कंपनी संस्थेला रक्कम एकरकमी देते आणि तुम्ही त्या कंपनीचे कर्जदार होता. उद्या वर्ग बंद पडले, शिक्षक बदलले, हमी नाकारली गेली, तरी हप्ते थांबत नाहीत. थांबवलेत तर पतनोंद बिघडते. काउन्सेलर फोनवर ओटीपी मागून ‘फक्त सीट बुक करतोय’ म्हणतो आणि नंतर कळतं की कर्ज मंजूर झालं आहे, अशा तक्रारी माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात. ओटीपी सांगण्याआधी संदेशात कोणत्या कंपनीचं नाव आहे आणि तो कशासाठी आला आहे ते पूर्ण वाचा. कोर्स रद्द केल्यावर कर्ज कोण बंद करणार आणि किती दिवसांत, हे लेखी घ्या.

सर्टिफिकेट ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ आहे म्हणतात.

मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव विचारा आणि त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. कोर्सच्या पानावरची लिंक वापरू नका. ‘आयएसओ प्रमाणित’ हा शिक्का फार दिसतो. आयएसओ ही संस्था स्वतः कोणाला प्रमाणपत्र देत नाही, ते वेगळ्या प्रमाणन संस्था देतात. आणि आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या व्यवस्थापनाचं मानक आहे. अभ्यासक्रम चांगला आहे की कंपन्या त्याला विचारतात, याच्याशी त्याचा संबंध नाही.

सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ‘खरं आहे’ असं येतं. त्याचा अर्थ इतकाच की ते त्याच संस्थेने दिलं आहे. किंमत जोखायची असेल तर नोकरीच्या संकेतस्थळावर तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या ५० जाहिराती उघडा आणि किती ठिकाणी त्या सर्टिफिकेटचं नाव आहे ते मोजा. बहुतेकदा उत्तर शून्य येतं. देखरेखीखाली परीक्षा घेणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमाणपत्रांची नावं मात्र तिथे दिसतात, आणि त्या परीक्षांना अनेकदा थेट बसता येतं.

संस्था नवी आहे, अजून एकही बॅच बाहेर पडलेली नाही. तिचं काय तपासायचं?

पूर्वीचा हिशेबच नाही, तर त्यावर आधारलेली हमीही नाही. संस्थापकांनी आधी दुसऱ्या नावाने काही चालवलं होतं का ते शोधा. शिकवणारे कोण आहेत आणि ते आज त्या क्षेत्रात काम करतात का ते बघा. एवढं करूनही जायचंच असेल तर पूर्ण फी आगाऊ भरू नका, महिन्यागणिक भरण्याची सोय मागा.

मी फी भरून बसलोय आणि आता शंका येते आहे. काय करू?

आजच स्क्रीनशॉट घ्या: जाहिरात, हमीचं पान, काउन्सेलरचे संदेश, शिकवणीचं वेळापत्रक, तारखांसकट. पानं बदलतात आणि संदेश नाहीसे होतात. फोनवर झालेली आश्वासनं ईमेलने पक्की करून घ्या: ‘आपल्या फोनवरील बोलण्यानुसार मला अमुक सांगण्यात आलं, यात काही चुकीचं असल्यास कळवावं.’ उत्तर नाही आलं तरी पुढे तो ईमेल कामी येतो.

करारातली माघारीची मुदत अजून चालू असेल तर त्याच दिवशी लेखी रद्द करा. कारणं सांगत बसू नका आणि ‘एकदा आमच्या सिनिअरशी बोला’ या फोनमध्ये अडकू नका. त्या बोलण्यात मुदत संपून जाते. कार्डाने पैसे भरले असतील तर कबूल केलेली सेवा मिळाली नाही म्हणून बँकेकडे व्यवहाराला हरकत घेता येते. त्यालाही मुदत असते, म्हणून उशीर नको. कर्ज असेल तर संस्थेला पाठवलेल्या पत्राची प्रत वित्त कंपनीलाही पाठवा, पण लेखी उत्तर येईपर्यंत हप्ते स्वतःहून बंद करू नका.

मुदत संपली असेल आणि कोर्स चालू ठेवायचा असेल तर हमीच्या सगळ्या अटी एका कागदावर उतरवा आणि त्या पाळल्याचा पुरावा स्वतःकडे ठेवत जा: हजेरीचा स्क्रीनशॉट, प्रत्येक अर्जाची तारीख, प्रत्येक संदेशाला दिलेलं उत्तर. फक्त संस्थेच्या पोर्टलवर विसंबू नका, प्रवेश बंद झाला की तिथली नोंद तुम्हाला दिसत नाही. परताव्याचा वाद झाला तर ग्राहक आयोगापुढे हाच कागद चालतो. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत आणि त्यांत निवडीच्या किंवा नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायला मनाई आहे. तक्रार लिहिताना जाहिरातीतलं मूळ वाक्य, तारीख आणि स्क्रीनशॉट जोडा. ‘फसवणूक झाली’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीपेक्षा ‘अमुक तारखेला ९१ टक्के लिहिलं होतं, त्याचा आधार मागितला, दिला नाही’ असं लिहिलेल्या तक्रारीला उत्तर देणं संस्थेला जास्त जड जातं.